128 जीबीच्या कार्डात निघाले 7 जीबी

मा. संपादक साहेब, नमस्कार,

मी यवतमाळ जिल्ह्यात खेड्यात लग्नाचं शूटिंग करतो. मागच्या सीझनात पोराने बाजारातून 128 जीबीचं मायक्रो एसडी कार्ड आणलं, अडीचशे रुपयात, कॉम्प्युटरला लावलं तं बरोबर 119 जीबी दाखवे (खऱ्या 128 च्या कार्डाचंही तितकंच दाखवते) म्हणून मीही काही बोललो नाही. हळदीचं अर्ध्या तासाचं बरोबर वाजलं, मंगलाष्टकापासून पुढं सगळं काळं. फाइलींची नावं आहेत, साइज आहे, आत काहीच नाही. नवरीच्या बापाला काय सांगता बाप्पा!

मग एच2टेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने रिकामं कार्ड पूर्ण भरून वाचून पाहिलं. रात्रभर चाललं, सकाळी `The media is likely to be defective` आलं आणि खाली धड जागा फक्त 7 जीबीच्या आसपास. म्हणजे आतली चिप 8 ची, आणि कार्डाचा कारभार पाहणाऱ्या कंट्रोलरला 128 सांगायला शिकवून ठेवलेलं. फाइलींची यादी सुरवातीच्या खऱ्या जागेत बसते म्हणून नावं दिसतात, त्यापुढचा माल कुठंच लिहिला जात नाही.

पण खरी चीड मला आली ती कार्डाचा मोबाईलवर फोटो काढून झूम केला तेव्हा. 128 च्या बाजूला चिन्ह होतं एचसीचं! एचसी म्हणजे 32 जीबीपर्यंतचं कार्ड, त्याहून मोठ्या कार्डावर एक्ससी लागते. छापणाऱ्याने आकडा बदलला, चिन्ह तसंच ठेवलं. दुकानात दोन सेकंद पाहिलं असतं तं वाचलो असतो. अक्षरांच्या कडाही पसरलेल्या होत्या, आणि त्याच दुकानातल्या दुसऱ्या कार्डाच्या मागचा नंबर हुबेहूब हाच, पण हे फक्त संशयापुरतं, कारण हुशार नकलाकार एक्ससीही नीट छापतो, तिथं फोटो पाहून काही कळत नाही, पूर्ण भरून पाहणं हाच इलाज.

पेन ड्राइव्हचंही तेच. त्याच दुकानातला एक मी चाकूने उघडला, तं आत छोट्या पट्टीवर एक मायक्रो एसडी कार्डच चिकटवलेलं आणि कंट्रोलरवरचा नंबर घासून टाकलेला. नंबर घासलेला दिसला की मनात पाल चुकचुकतेच, पण केसिंग न फोडता हे बाहेरून कोणाला दिसणार?

आता माझ्याकडे नवं कार्ड आलं की आधी कॅमेऱ्यात नाही, कॉम्प्युटरला जाते. 128 चं नुसतं लिहायलाच सेकंदाला 10 एमबीच्या स्पीडने साडेतीन तास लागतात, वाचायचा टाइम वेगळा, आणि आमच्याकडे लाइट केव्हा जाईल नेम नाही, म्हणून लॅपटॉपवर लावतो. दुकानदाराला ते कार्ड दाखवलं तं म्हणे, "भाऊ, आम्ही तं आकडा पाहूनच घेतो."

आपला एक वाचक, जि. यवतमाळ