‘बल्क डील’ची बातमी अर्धीच

‘अमुक शेअरमध्ये बड्या गुंतवणूकदाराची खरेदी’ अशा बातम्या हल्ली रोज दिसतात. एका ग्राहकाने दिवसभरात कंपनीच्या नोंदणीकृत शेअर्सपैकी ०.५ टक्क्यांहून अधिक उलाढाल केली, की ती बल्क डील म्हणून जाहीर होते. कंपनीचे एक कोटी शेअर्स असतील आणि भाव ४० रुपये असेल, तर साधारण २० लाखांतच हा ‘बडा’ सौदा होतो!

त्यातही त्याच दिवशीची विक्रीची यादी पाहावी. समजा, खरेदीत एका दलाली पेढीच्या नावावर ६२,००० शेअर्स आहेत आणि विक्रीत त्याच नावावर ६१,८००. म्हणजे हाती उरले २००. हा दिवसभराचा सट्टा झाला, कंपनीवरचा विश्वास नव्हे. बातमीत मात्र खरेदीच छापून येते.

ब्लॉक डील वेगळ्या खिडकीतून, बहुधा आधीच ठरवून होते. तिथे विकणारा फंड मुदत संपल्यामुळेही बाहेर पडत असेल. कारण यादीत लिहिलेले नसते. निदान दोन्ही बाजू आणि निव्वळ आकडा तरी छापावा, ही विनंती.

– एक वाचक