आशाताई, त्या दिवशी तुम्ही पाण्याचं माप विचारलंत

आशाताई,

सिडकोतल्या आमच्या गल्लीत तुम्ही सगळ्यांच्याच ताई. तोंडावर आभार मानले तर तुम्ही हसून निघून जाल, म्हणून लिहितेय.

त्या दिवशी पहाटेपासून माझ्या तीन वर्षांच्या छकुलीला उलट्या आणि जुलाब होत होते. तुम्ही अकराच्या सुमारास आलात, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "ओआरएस दिलंय, तरी ओकतेय." तुम्ही एवढंच विचारलंत, "किती पाण्यात?" मी स्टीलचा पेला दाखवला. एक लिटरचं अख्खं पाकीट मी पेलाभर पाण्यात कालवलं होतं! घट्ट केलं की औषध जास्त लागू पडेल, असं वाटलं होतं. त्याने उलट शरीरात मीठ वाढतं आणि जुलाबही वाढू शकतात, हे तेव्हा कळलं.

ते ओतून तुम्ही उकळून गार केलेलं एक लिटर पाणी मोजलंत आणि नवं पाकीट पूर्ण विरघळवलंत. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, हेही सांगितलंत. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. मी वाटी तोंडाला लावायची आणि ती भडाभडा ओकायची, त्याचं कारण हेच. चमच्याने मात्र पोटात टिकू लागलं. उरलेलं पाणी चोवीस तासांनी फेकायचं.

पण दुपारनंतर जुलाब पाण्यासारखे झाले. सकाळी चमच्यावर झडप घालणारी पोर चार वाजता चमचा ओठाला लावला तरी गिळेना. डोळे खोल गेलेले, हाक मारली तर जेमतेम उघडायची. सकाळपासून लघवी नव्हती. तुम्ही बेंबीच्या बाजूला पोटाची कातडी चिमटीत धरून सोडलीत. ती वळी तशीच राहिली, सपाट व्हायला दोन सेकंदांहून जास्त लागली. सासूबाई म्हणाल्या, "झोपू द्या, थकलीये." तुम्ही म्हणालात, "ही झोप नाही, आजी. आता सलाईनच लागेल." आणि गुंगीत तोंडात पाणी ओतायचं नाही, ठसका लागून श्वासनलिकेत जाईल, असं मला रिक्षात बसतानाच बजावलंत.

मी एकटी असते तर सासूबाईंचं ऐकलं असतं, खरंच. दवाखान्यात सलाईन सुरू झालं आणि रात्री तिने लघवी केली तेव्हा मी नर्सबाईंपुढे रडले. (लघवीचं इतकं कौतुक आयुष्यात केलं नव्हतं.)

आता ती मऊ वरणभात खाते. झिंकची गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून रोज देतेय. जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करा म्हणाला होतात ना. आज अकरावी दिली.

तुमची,
छकुलीची आई