विषय: एका सेकंदाच्या थेट भाषांतरातून गेलेला चुकीचा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, थेट भाषांतर सेवा

काल तुमच्याकडे चौथा फोन केला, त्यानंतर हे लिहितोय.

रावेर तालुक्यातल्या आमच्या केळी मेळाव्यात तमिळनाडूहून आलेले शास्त्रज्ञ इंग्रजीत बोलले. तुमची यंत्रणा ८० इअरफोनमध्ये मराठी ऐकवत होती. ते म्हणाले, ‘टेक सकर्स फ्रॉम अ फील्ड ओन्ली इफ यू हॅव नॉट सीन अ सिंगल मोझॅक प्लँट इन इट.’ आमच्या कानात आलं, ‘शेतातले मुनवे घ्या. एकही मोझॅकचं झाड दिसलेलं नाही.’

अट होती, तिची बातमी झाली. मुनवे म्हणजे केळीच्या बुडातून फुटणारे कोंब, तेच नव्या बागेत लावतात. मोझॅक या केळीच्या रोगाचा विषाणू रोगट मुनव्यांतून नव्या बागेत जातो आणि पुढे मावा तो पसरवतो. शेजारच्या भाऊंनी मला लगेच विचारलं, ‘मग मुनवे घ्यायचे ना?’

फोनवर तुमचा माणूस आधी म्हणाला, नेट स्लो असेल. मी रेकॉर्डिंग आहे म्हटल्यावर म्हणाला, ‘काका, तुम्हाला इंग्रजी कळत नसेल म्हणून तसं वाटलं असेल.’ मी वाक्य दोनदा वाचून दाखवलं. तो पुन्हा तेच म्हणाला, ‘काका, इंग्रजी कच्चं असलं की होतं असं.’ आणि फोन ठेवला. इंग्रजी कळत नाही म्हणूनच आम्ही पैसे भरून तुमची सेवा घेतली होती.

चूक कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे. यंत्रणा एका सेकंदाच्या अंतराने बोलते. तेवढ्यात वक्त्याचे दोन-तीन शब्द होतात. इंग्रजीत आज्ञा आधी आणि ‘ओन्ली इफ’ नंतर येतं; मराठीत अट आधी येते आणि क्रियापद शेवटी. अट ऐकण्याआधीच यंत्रणा ‘घ्या’ म्हणून मोकळी झाली. पडद्यावरचं वाक्य नंतर दुरुस्त झालंही, पण कानात गेलेला शब्द परत घेता येत नाही. विकताना तुम्ही हिंदी भाषणाचा नमुना दाखवलात. हिंदी आणि मराठीची वाक्यरचना सारखीच, त्यामुळे तिथे एक सेकंद पुरतो.

घरी तेच रेकॉर्डिंग पाच सेकंदांच्या अंतराने चालवलं. ‘मोझॅकचं एकही झाड दिसलं नसेल तरच त्या शेतातले मुनवे घ्या,’ असं बरोबर आलं. उशीर वाढला की आवाज स्लाइडच्या मागे पडतो, हे मान्य. वक्त्याने स्लाइडवर थोडं थांबलं की ते भागतं. पण हे अंतर बदलायची सोय फक्त रेकॉर्डिंगला दिलीत, थेट भाषणाला बंद ठेवलीत. थेट भाषणातच ती लागते!

इंग्रजीसाठी ही सोय उघडा, आणि आवाजात तरी वाक्य पुरं होईपर्यंत थांबा. मेळाव्याचे पैसे परत करा. ८० जणांना मी स्वतः फोन करून खरं वाक्य सांगतोय, आज ३४ झाले. ‘इंग्रजी कच्चं’ म्हणणाऱ्याने माझी माफी मागावी. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. रेकॉर्डिंग जपून ठेवलं आहे.

केळी मेळाव्याचा संयोजक, रावेर