सावली मोठी म्हणून हृदय मोठे?

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतील छातीच्या एक्स-रेवरचा लेख वाचला. 'हृदयाची सावली छातीच्या निम्म्याहून रुंद दिसली की हृदय वाढले समजावे' हे वाक्य आपण चौकटीत, ठळक अक्षरांत छापले आहे. त्याचे फळ मला सकाळी सातलाच मिळाले. सातपूरच्या आत्याचा फोन आला, "अरे, माझं तर छप्पन्न टक्के होतं ना? मग तेव्हा तुम्ही मला खोटंच सांगितलंत का?"

आत्याची हकिगत सांगतो. गेल्या पावसाळ्यात तिला तापाने दवाखान्यात ठेवले होते. उठवत नव्हते, म्हणून पोर्टेबल मशीन खाटेशी आणून झोपवूनच फोटो काढला. रिपोर्ट आला 'कार्डिओमेगाली', म्हणजे हृदय वाढलेले, आणि घरात रडारड सुरू झाली. मी जन्मभर एक्स-रे विभागात प्लेटा काढल्या, म्हणून फिल्म उजेडाला धरली. कोपऱ्यात 'एपी', म्हणजे किरण पुढून सोडलेले, आणि 'सुपाइन', म्हणजे उताणे झोपवलेले, असे स्पष्ट लिहिले होते. रिपोर्ट लिहिणाऱ्याने त्याची दखल घेतली नव्हती आणि आपल्या लेखात तर या दोन शब्दांचा पत्ताच नाही.

निम्म्याचा हा नियम प्रौढ माणसाच्या उभ्याने, पूर्ण श्वास भरून काढलेल्या पीए फोटोसाठी आहे. त्यात छाती प्लेटला टेकलेली असते आणि किरण पाठीकडून येतात, तेही साधारण सहा फुटांवरून. हृदय छातीत पुढच्या बाजूला असल्याने ते प्लेटजवळ राहते आणि सावली जवळपास खऱ्या मापाची पडते. खाटेवरच्या फोटोत प्लेट पाठीखाली जाते, हृदय तिच्यापासून लांब राहते आणि किरणांची नळी असते जेमतेम तीन-साडेतीन फुटांवर. भिंतीपासून हात दूर नेऊन दिव्याजवळ धरला की सावली फुगते, तसेच हे. त्यात आडवा आणि धाप लागलेला माणूस श्वास पुरता घेत नाही. श्वासपटल वर चढते आणि हृदय त्यावर आडवे पसरते. पुरेसा श्वास घेतलेल्या फोटोत श्वासपटलाच्या वर पुढच्या बाजूच्या सहाएक फासळ्या मोजता येतात. आत्याच्या फोटोत चारच होत्या.

माप कसे घ्यायचे तेही लेखात धड नाही. मणक्याच्या मधून उभी रेघ धरायची. त्या रेघेपासून हृदयाची उजवी कड जिथे सर्वांत दूर तिथवरचे अंतर आणि डावी कड जिथे सर्वांत दूर तिथवरचे अंतर, या दोहोंची बेरीज करायची. तिला छातीच्या सर्वांत रुंद जागी फासळ्यांच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंतच्या रुंदीने भागायचे. आत्याच्या खाटेवरच्या फोटोत हृदय 15.4 सेंटिमीटर आणि छाती 27.6, म्हणजे 0.56. ती बरी झाल्यावर उभ्याने पीए फोटो काढला. तेव्हा हृदय 13.2 आणि छाती 28.1 भरली, म्हणजे 0.47. मधल्या काळात हृदय आकसले नव्हते, फोटो काढायची रीत बदलली होती. टू-डी इकोही नॉर्मल आला. तो खर्च कोणी भरला, हे विचारू नका.

याचा अर्थ गुणोत्तर निरुपयोगी आहे असा नाही. नीट काढलेल्या पीए फोटोत ते 0.58 आले, तर इको करायलाच हवा. पण सावली ही फक्त बाह्यरेषा असते. कप्पा फुगला आहे, की हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचले आहे, की टोकाशी नुसती चरबी आहे, हे त्या आकड्यातून कळत नाही. पंपिंग किती टक्के आहे हेही कळत नाही. उलट बाजूचा धोका तर लेखकांनी सोडूनच दिला. जुन्या रक्तदाबाने हृदयाची भिंत आतल्या बाजूने जाड झाली, तरी सावली बराच काळ निम्म्याच्या आत राहते. विड्या ओढून फुप्फुसे फुगलेल्या माणसाची छाती रुंद आणि हृदय लांबट दिसते, त्यामुळे आजारी हृदयसुद्धा 0.45 दाखवू शकते. असा वाचक कालचा लेख वाचून निर्धास्त झोपला असेल.

आता एक शेवटचे. लेखासोबत छापलेल्या एक्स-रेत हृदयाचे टोक पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला आहे आणि कोपऱ्यातला 'L' आरशात पाहावा तसा उमटला आहे. फोटो सरळ लावला तर रुग्णाची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. हृदय उजवीकडे असलेला दुर्मीळ रुग्ण आपल्याला मिळाला म्हणावे, तर अक्षरसुद्धा उलटे जन्मले का? चौकट दुरुस्त करून छापाल तेव्हा फोटोही सुलटा करून घ्यावा.

आपला,
एक निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ, पंचवटी, नाशिक