7 मिलिमीटरच्या गाठीसाठी अख्खी थायरॉइड काढायची का? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

साहेब, हल्ली हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये काही त्रास नसला तरी मानेची सोनोग्राफी घुसडतात, त्याबद्दल लिहितोय. माझ्या वहिनीला (वय 46) त्यात थायरॉइडमध्ये 7 मिमीची गाठ निघाली, लगेच सुई घालून पेशींची तपासणी म्हणजे एफएनएसी, रिपोर्ट बेथेस्डा 6, आणि पुढच्या आठवड्यात अख्खी थायरॉइड काढायची तारीख. बेथेस्डा म्हणजे सुईच्या रिपोर्टची 1 ते 6 श्रेणी, त्यात 1 म्हणजे सॅम्पलच अपुरं, 2 साधी गाठ, 3-4 मधलं अधांतरी, 5 दाट संशय आणि 6 म्हणजे कॅन्सरच. घरात नुसती रडारड.

सेकंड ओपिनियनला गेलो तर त्या सर्जननी आधी सोनोग्राफी नीट बघितली. टायरॅड्स म्हणजे सोनोग्राफीवरून गाठीला संशयाचे पॉइंट द्यायची अमेरिकन पद्धत, त्यात गाठ भरीव म्हणून 2 पॉइंट, बाजूच्या थायरॉइडपेक्षा काळपट म्हणून 2, रुंदीपेक्षा उंची जास्त म्हणून 3, एकूण 7, म्हणजे टायरॅड्समधली सगळ्यात संशयाची टीआर 5. पण त्याच अमेरिकन नियमात टीआर 5 ला सुद्धा सुई 1 सेंमीपासून पुढे, त्याच्या आत असेल आणि 5 मिमीच्या वर असेल तर वर्षाला एकदा सोनोग्राफी. म्हणजे सुईचीच घाई झाली होती!

आणि कॅन्सर असून नुसतं बघत बसायचं? हो. जपानात कोबेच्या कुमा हॉस्पिटलमध्ये 1993 पासून 1 सेंमीपर्यंतचे असे पॅपिलरी, म्हणजे थायरॉइडमधले नेहमी आढळणारे, कॅन्सर नजरेखाली ठेवतात. त्यांच्या 1235 पेशंटमध्ये 10 वर्षांत 3 मिमी किंवा जास्त वाढ झाली साधारण 8 टक्क्यांत, मानेत नव्या गाठी आल्या जेमतेम 4 टक्क्यांत, आणि या कॅन्सरने मेलं कुणीच नाही. उलट कोरियात सरसकट सोनोग्राफी सुरू झाली आणि 2011 मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान 1993 च्या 15 पट झालं, मृत्यू मात्र होते तेवढेच. अख्खी ग्रंथी काढली की जन्मभर गोळी, कुणाचं कॅल्शियम उतरतं, कुणाचा आवाज बसतो, ते वेगळंच.

सगळ्यांना हे चालत नाही, हेही सांगतो. गाठ श्वासनलिकेला किंवा आवाजाच्या नसेला चिकटून असेल, मानेत पसरलेली असेल तर ऑपरेशनच, आणि तरुणांमध्ये वाढायची शक्यता जास्त असते. वहिनीची गाठ लांब आहे, मान क्लीन आहे, म्हणून आता 6 महिन्यांनी आणि मग दरवर्षी सोनोग्राफी, 3 मिमी वाढली किंवा मानेत गाठ दिसली की ऑपरेशन.

साहेब, मागणं एवढंच की त्रास नसलेल्यांची थायरॉइड सोनोग्राफी सरकारी शिबिरांत आणू नका, प्रत्येक रिपोर्टवर टायरॅड्सचा नंबर, मिमीमध्ये माप आणि गाठ श्वासनलिकेपासून किती लांब हे लिहिणं सक्तीचं करा, नाहीतर नुसतं "एफएनएसी करून घ्या" एवढा शेरा असतो. आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत अशा पेशंटचं रजिस्टर ठेवून वर्षाची तारीख चुकली तर फोन करायची सोय करा, कारण लक्ष ठेवायचं म्हणून सोडलेला पेशंट परत आलाच नाही तर त्याला लक्ष ठेवणं म्हणत नाहीत.

आपला,
एक नागरिक, पुणे