बारा अंकी दुकान, पण दार कुठे?

मा. अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

आमच्या शेजारच्या आजींचं केशरी कार्ड आहे, प्राधान्य कुटुंबाचं. घरात तीन माणसं, म्हणजे महिन्याला पंधरा किलो धान्य. गेल्या महिन्यात त्या नेहमीच्या रेशन दुकानावर गेल्या तर शटर बंद. पाटी होती तशीच, कामाची वेळसुद्धा लिहिलेली. तीन खेपा झाल्यावर चहाच्या टपरीवाल्याकडून कळलं, की दुकानाचा परवाना निलंबित झालाय आणि कार्डं 'दुसरीकडे जोडली' आहेत. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मग मी mahaepos.gov.in उघडलं, RC Details मध्ये कार्डाचा बारा अंकी क्रमांक घातला. (जुन्या कार्डावरचा शाईने लिहिलेला नंबर इथे चालत नाही. संगणकीकरणानंतरचा बारा अंकीच लागतो, आणि दुकानाचा क्रमांकही बारा अंकीच असल्यामुळे पावती बघून टाकणाऱ्याची हमखास गल्लत होते.) घरातल्यांची नावं आली, आधीच्या महिन्यांची उचल आली, दुकानाचा क्रमांकही आला. पण त्यात निलंबित दुकानाचाच क्रमांक होता, कारण उचल तिथूनच झाली होती. त्यावरून जुनं दुकान कुठलं हे कळतं, या महिन्यात कुठे जायचं ते कळत नाही.

शेवटी तहसील कचेरीतल्या पुरवठा शाखेत गेलो. तिथल्या कारकुनाने जोडणीच्या आदेशाची प्रत दाखवली, त्यात दुकानदाराचं नाव आणि क्रमांक होता. पत्ता म्हणून नुसतं गावाचं नाव. गावात रेशनची चार दुकानं! आम्ही एकेका दुकानाच्या पाटीवरचा क्रमांक आदेशाशी ताडत गेलो. तिसऱ्या पाटीवर जुळला.

'एक देश एक रेशन कार्ड'मुळे कुठल्याही दुकानातून धान्य घेता येतं, हे मला माहीत आहे. आजींना मात्र पहिल्या दोन दुकानांत 'तुमचं कार्ड आमच्याकडे नाही' एवढंच ऐकवलं गेलं. अंगठा मशीनवर ठेवूच दिला नाही. पोर्टेबिलिटीचा हक्क सांगून भांडायला सत्तरी ओलांडलेल्या बाईने कुठून बळ आणायचं?

माझी मागणी एवढीच: ज्या दिवशी जोडणीचा आदेश निघेल, त्याच दिवशी बंद शटरवर नव्या दुकानाचा क्रमांक, पूर्ण पत्ता आणि जवळची खूण लिहिलेला कागद डकवला जावा. मोबाइल नंबर नोंदवलेल्या कार्डधारकाला तोच मजकूर मराठीत एसएमएसने जावा. आणि संकेतस्थळावर आधीच्या उचलीच्या नोंदींपासून वेगळी, 'सध्या जोडलेलं दुकान' अशी एक ओळ असावी.

आजींचं धान्य महिन्याच्या सत्तावीस तारखेला मिळालं. जुन्या दुकानाची पाटी आजही आहे तिथेच आहे.

आपला,
एक कार्डधारक