दहावीच्या सुट्टीत इम्प्लांटची घाई नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावीची परीक्षा संपली की आमच्या दवाखान्यात ठरलेली मागणी येते: "डॉक्टर, हिचे वरचे दोन दात आलेच नाहीत. कॉलेज सुरू व्हायच्या आत इम्प्लांट करून टाका." वरच्या मधल्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचे पटाशीचे दात काही जणांच्या जबड्यात तयारच होत नाहीत. शंभरात साधारण दोघांना ही उणीव असते आणि पुष्कळदा ती घराण्यात चालत आलेली असते.

पंधराव्या वर्षी इम्प्लांट करायला मी नकार देतो. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेलं कृत्रिम मूळ, तो थेट हाडाला चिकटतो. जबडा वाढताना शेजारचे दात हाडासकट खाली सरकतात, हा मात्र जागचा हलत नाही. पंचविशीत तो दात आखूड दिसू लागतो, त्याची हिरडीची रेघ वर राहते, आणि तो काढून नवा बसवणं सोपं नसतं. मुलींची वाढ साधारण अठराच्या आसपास आणि मुलांची एकविशीपर्यंत थांबते, पण वयावर विसंबू नये. चेहऱ्याचे बाजूने काढलेले दोन एक्स-रे, वर्षभराच्या अंतराने, जुळवून पाहावेत.

मुळात इम्प्लांट लागेलच असंही नाही. सिंहगड रस्त्यावरच्या एका चौदा वर्षांच्या मुलीचे हे दोन्ही दात नव्हते. वरचे पुढचे दात बाहेर आलेले होते आणि वरच्या दाढा खालच्यांच्या मानाने एका उपदाढेइतक्या पुढे होत्या. अशा तोंडात जागा बंद करणंच योग्य. पुढचे दात मागे घेतले आणि सुळे फटीत आणले. सुळा टोकदार, जाड आणि जरा पिवळट असतो, त्याची हिरडीही उंच असते. म्हणून टोक थोडं थोडं घासत आम्ही तो खाली ओढला, तशी हिरडीही खाली आली. मग कोपऱ्यांना दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट लावून त्याला आकार दिला. त्यामागची उपदाढ आता सुळ्याच्या जागी आहे. परकं काहीच बसवावं लागलं नाही, आणि पुढे वाढ झाली तरी सगळे दात एकत्रच सरकतील.

उलट दाढा नीट जुळत असतील, खाली दाटी नसेल आणि चेहरा सपाट असेल तर जागा बंद केल्यावर ओठ आत गेल्यासारखे दिसतात. तिथे साडेसहा-सात मिलिमीटर जागा राखून थांबावं. तोवर मधल्या दाताच्या पाठीला एकाच पंखाने, म्हणजे पातळ पट्टीने, चिकटवलेला खोट्या दाताचा ब्रिज उत्तम, त्यासाठी दात जवळजवळ घासावाच लागत नाही. दोन पंखांचा नको. एक पंख नकळत सुटतो आणि त्याखाली कीड लागते. दोन्ही शेजाऱ्यांना घासून कॅप घालणारा ब्रिज तर या वयात मुळीच नको, कारण कोवळ्या दातातली नस मोठी असते.

पालकांनी एक आग्रह जरूर धरावा. तारा काढण्याआधी मुळांचा एक्स-रे काढून घ्यावा. वरून जागा पुरेशी दिसते, पण मुळं एकमेकांकडे कललेली असली तर इम्प्लांट बसत नाही आणि विशीत पुन्हा तारा लावाव्या लागतात.

– एक दंतवैद्य, कोथरूड, पुणे